दुकानात सीसीटीव्ही बसवण्याचा खर्च कसा काढावा : केबल, साठवण आणि वार्षिक देखभाल यांसह

दुकानात कॅमेरे बसवायचे ठरले की बहुतेक व्यापारी पहिला प्रश्न विचारतात तो म्हणजे, “एका कॅमेऱ्याला किती?” या प्रश्नाला बसवणारा जो आकडा सांगतो, त्याला कॅमेऱ्यांच्या संख्येने गुणून आपण खर्च धरतो आणि हिशेब तेथेच चुकतो. कोल्हापूरच्या लक्ष्मीपुरीतील आमच्या किराणा व गुळाच्या दुकानाचे अंदाजपत्रक मी ओळीओळीने मांडले, तेव्हा प्रत्यक्ष कॅमेऱ्यांची किंमत एकूण बसवणीच्या जेमतेम पाचव्या हिश्श्याएवढी निघाली. उरलेले पैसे रेकॉर्डर, हार्ड डिस्क, केबल, ती झाकणारी पट्टी, यूपीएस आणि मजुरी यांत जातात. पुढील पाच वर्षांची वीज आणि देखभाल धरली, तर तो आकडा बसवण्याच्या संपूर्ण खर्चापेक्षाही मोठा होतो. म्हणून बसवणाऱ्याला बोलावण्यापूर्वी आपले स्वतःचे अंदाजपत्रक कसे तयार करावे, हे याच दुकानाचा हिशेब समोर ठेवून क्रमाने सांगतो.

खाली दिलेले दर हे हिशेब समजण्यासाठी धरलेले दर आहेत. तुम्हाला मिळालेल्या कोटेशनमधील दर त्या जागी घालावेत. पद्धत तीच राहील.

## सुरुवातीला जवळ ठेवायच्या वस्तू व कागदपत्रे

- मोजमापाची टेप (किमान १५ मीटर) आणि चौकटींचा कागद
- दुकानाचे अलीकडचे वीजबिल
- जीएसटी नोंदणी क्रमांक
- जागा भाड्याची असल्यास भिंतीला छिद्रे पाडण्यास मालकाची लेखी संमती
- किमान तीन कोटेशन, तीही एकाच यादीवर मागवलेली

शेवटच्या मुद्द्याचे महत्त्व पुढे पाचव्या पायरीत येईल. मालकाच्या संमतीकडे मात्र आताच लक्ष द्यावे, कारण जुन्या पेठांतील इमारतींच्या भिंती दीड-दोन फूट जाडीच्या दगडाच्या असतात, त्यांत आरपार छिद्र पाडण्याची मजुरी वेगळी लागते आणि ते काम अर्ध्यावर थांबले तर केबलचा मार्गच बदलावा लागतो.

## १. आधी प्रश्न ठरवा, मग कॅमेऱ्याची जागा

आमचे दुकान १४ फूट रुंद व ४० फूट खोल आहे. मागे १४ बाय २० फुटांचे गोदाम आहे आणि दुकानाच्या मागच्या निम्म्या भागावर पोटमाळा आहे. कॅमेरे किती हवेत हे ठरवताना आम्ही जागा मोजण्याऐवजी आपल्याला काय पाहायचे आहे याची यादी केली. आत येणाऱ्याचा चेहरा ओळखू आला पाहिजे. गल्ल्यावर पैसे घेताना-देताना हात दिसले पाहिजेत. मधल्या बोळातील मालाची चढउतार दिसली पाहिजे. गोदामाचे मागचे दार दिसले पाहिजे. आणि शटरबाहेर टेम्पोतून माल उतरताना पोती मोजता आली पाहिजेत. पाच प्रश्न निघाले, म्हणून पाच कॅमेरे ठरले.

येथे एक तांत्रिक मर्यादा समजून घ्यावी. २ मेगापिक्सेल कॅमेऱ्याचे चित्र १९२० ठिपके रुंद असते. अनोळखी माणसाचा चेहरा खात्रीने ओळखायचा असेल तर चित्रातील प्रत्येक मीटर रुंदीला सुमारे २५० ठिपके हवेत, असा या क्षेत्रात वापरला जाणारा आंतरराष्ट्रीय निकष आहे. १९२० ला २५० ने भागले की साडेसात मीटरांच्या आसपास रुंदी मिळते. चित्रात त्याहून रुंद दृश्य आले की माणूस दिसतो, त्याच्या कपड्यांचा रंग कळतो, पण चेहरा ओळखीपुरता राहत नाही. २.८ मिलिमीटर भिंगाचा कॅमेरा अतिशय रुंद पाहतो, त्यामुळे त्याच्यापासून तीन-साडेतीन मीटरपलीकडे ही मर्यादा ओलांडली जाते. म्हणून दाराकडे पाहणारा कॅमेरा दुकानाच्या टोकाला न लावता दारापासून तीन मीटरांवर, डोक्याच्या थोडा वर लावावा. छताला अगदी वर लावलेला कॅमेरा टोप्या आणि डोकीच दाखवतो. ज्याला एकाच कॅमेऱ्यात रस्ता, दार आणि गल्ला असे तिन्ही हवे असते, त्याच्या हाती घटनेनंतर यांपैकी एकही नीट लागत नाही.

पाचव्या कॅमेऱ्याचा खर्चावर होणारा परिणाम येथेच लक्षात घ्यावा. चार कॅमेऱ्यांना चार चॅनेलचा डीव्हीआर, म्हणजे चित्रण साठवणारा रेकॉर्डर, पुरतो. पाचवा आला की आठ चॅनेलचा घ्यावा लागतो. म्हणजे पाचव्या कॅमेऱ्याची खरी किंमत ही त्या कॅमेऱ्याची आणि दोन डीव्हीआरमधील फरकाची मिळून होते. त्याचबरोबर सहावा, सातवा आणि आठवा पुढे स्वस्तात जोडता येतो. आज चार कॅमेरे बसवणार असाल आणि वर्षभरात गोदाम वाढवण्याचा विचार असेल, तर आठ चॅनेलचाच घेणे शहाणपणाचे आहे.

## २. ॲनालॉग एचडी की आयपी, हे अंतर पाहून ठरवा

ॲनालॉग एचडी पद्धतीत प्रत्येक कॅमेऱ्यापासून डीव्हीआरपर्यंत चित्राची कोॲक्सियल तार आणि विजेच्या तारा एकत्र असलेली ‘थ्री प्लस वन’ केबल येते आणि वीज एका १२ व्होल्टच्या एसएमपीएसमधून पुरवली जाते. आयपी पद्धतीत कॅट-६ केबल वापरतात, चित्र आणि वीज त्याच केबलमधून पीओई स्विचमार्फत जाते आणि रेकॉर्डरला एनव्हीआर म्हणतात. आयपीमध्ये अधिक स्पष्ट चित्र मिळते, केबल १०० मीटरपर्यंत बिनदिक्कत नेता येते, पण स्विच आणि कॅमेरे दोन्ही महाग पडतात. एका मजल्यावरच्या, सर्व केबल वीस मीटरांच्या आत बसणाऱ्या किराणा दुकानाला २ मेगापिक्सेलची ॲनालॉग एचडी व्यवस्था पुरेशी आहे, असे माझे मत आहे. गुजरीतील सराफी पेढीला, जिथे गल्ल्यावरील वस्तूचा बारकावा दिसला पाहिजे, हा सल्ला मी देणार नाही.

कॅमेरा कोणत्याही पद्धतीचा घेतला तरी त्याच्या लेबलवर बीआयएसची, म्हणजे भारतीय मानक ब्युरोची, नोंदणी खूण आणि ‘R-’ ने सुरू होणारा क्रमांक आहे का, हे पाहावे. सीसीटीव्ही कॅमेऱ्यांसाठी ही नोंदणी सक्तीची आहे. एखादे कोटेशन बाकीच्यांपेक्षा फारच खाली आले असेल, तर पहिली शंका बिनखुणेच्या मालाची घ्यावी.

## ३. केबल : सरळ रेषेत मोजू नका

केबल ही छतातून हवेत जात नाही. ती भिंतीच्या कडेने, कोपऱ्यातून वळून, वर चढून आणि खाली उतरून जाते. त्यामुळे प्रथम डीव्हीआरची जागा नक्की करावी लागते, कारण सर्व केबलचे एक टोक तिथेच येते.

कोल्हापुरात या जागेचा विचार दोन बाजूंनी करावा लागतो. २०१९ च्या ऑगस्टमध्ये आणि २०२१ च्या जुलैमध्ये पंचगंगेचे पाणी शाहूपुरीतील कुंभार गल्ली आणि व्हीनस कॉर्नरसारख्या भागांत शिरले होते. त्यामुळे गल्ल्याखालच्या कपाटात डीव्हीआर ठेवणे त्या परिसरात धोक्याचे आहे. तो पोटमाळ्यावर नेला पाहिजे. पण पोटमाळ्यावर पत्र्याचे छत असेल तर एप्रिल-मे महिन्यांत दुपारी तेथील उष्णता डिस्कचे आयुष्य कमी करते. आम्ही मध्यम मार्ग धरला : पोटमाळ्याच्या पुढच्या कडेला, पत्र्यापासून चार फूट खाली, जाळीदार बाजूंची कुलपाची लहान पेटी भिंतीला ठोकली आणि तिच्यात डीव्हीआर व एसएमपीएस ठेवला. चोर गल्ल्यासोबत डीव्हीआरही उचलून नेतो, म्हणून पेटी कुलपाची असावी आणि ती दारातून दिसू नये.

तेथून प्रत्येक कॅमेऱ्यापर्यंत भिंतीच्या कडेने टेप लावून मोजले, तेव्हा पुढील लांबी आली :

- शटरबाहेरचा कॅमेरा : १४ मीटर
- दाराकडे पाहणारा : ९ मीटर
- गल्ला : १२ मीटर
- मधला बोळ : ७ मीटर
- गोदामाचे मागचे दार : १८ मीटर

बेरीज ६० मीटर होते. प्रत्येक केबलच्या दोन्ही टोकांना एक-एक मीटर जादा ठेवावी, कारण कनेक्टर पुन्हा बसवायचा झाल्यास टोक कापावे लागते. त्याचे १० मीटर. एकूण ७० मीटर झाले. त्यावर वळणे आणि नासधूस यांसाठी दहा टक्के धरले की ७७ मीटर. थ्री प्लस वन केबल बाजारात साधारणपणे ९० मीटरच्या गुंडाळीत मिळते, म्हणजे एक गुंडाळी पुरते आणि थोडी उरते. ही मोजणी हातात नसेल तर कोटेशनमध्ये ‘केबल : दोन गुंडाळ्या’ असे लिहिलेले आपण तसेच मान्य करतो. कोटेशन मीटरवर मागावे, संपूर्ण गुंडाळीचे पैसे दिल्यास उरलेली केबल दुकानातच ठेवून घ्यावी.

केबलची प्रत ही या साऱ्या खर्चातील सर्वांत फसवी बाब आहे. शुद्ध तांब्याची तार आणि तांब्याचा मुलामा दिलेली ॲल्युमिनियमची तार बाहेरून सारखीच दिसते, पण दुसरी बरीच स्वस्त असते. ओळखण्याची रीत सोपी आहे : केबलचे टोक सोलून आतील विजेची बारीक तार ब्लेडने हलकेच खरवडावी. तांबे असेल तर आतही लालसरच दिसते. मुलामा असेल तर दोन-तीन खरवडीत पांढरी चांदीसारखी रेघ उघडी पडते. ही परीक्षा बसवणाऱ्यासमोर, गुंडाळी उघडतानाच करावी. केबल पट्टीत गेल्यावर तिला अर्थ उरत नाही.

हा फरक कागदी नाही. ॲल्युमिनियमचा विद्युतरोध तांब्यापेक्षा जास्त असतो, म्हणून लांबच्या कॅमेऱ्यापर्यंत १२ व्होल्ट पूर्ण पोहोचत नाहीत. दिवसा कॅमेरा कमी वीज घेतो आणि व्यवस्थित चालतो. संध्याकाळी अंधार झाला की त्याचे इन्फ्रारेड दिवे लागतात, विजेची मागणी वाढते, तारेतील व्होल्टेज आणखी खाली येते आणि चित्र थरथरते किंवा कॅमेरा बंद पडून पुन्हा सुरू होतो. दुरुस्त करणारा सकाळी येतो तेव्हा सारे ठीक दिसते. सर्वांत लांबचा कॅमेरा फक्त रात्रीच त्रास देत असेल, तर कॅमेरा बदलण्यापूर्वी केबल आणि एसएमपीएस तपासायला सांगावे.

केबल उघडी सोडू नये. धान्य व गुळाच्या गोदामात उंदीर असतातच आणि त्यांना केबलचे मऊ आवरण कुरतडायला वेळ लागत नाही. आमच्या मार्गावर अनेक केबल एकाच पट्टीतून जात असल्यामुळे ७७ मीटर केबलला ३५ मीटर पीव्हीसी पट्टी पुरली. बाहेरच्या कॅमेऱ्याचा जोड पाणीबंद डबीत असावा आणि केबल डबीत खालून शिरावी, वरून नव्हे, म्हणजे पावसाचे पाणी केबलवरून ओघळत कनेक्टरपर्यंत जाणार नाही.

## ४. साठवण : दिवस ठरवा, मग डिस्क

‘एक टीबीमध्ये महिनाभर राहते’ असे ठोकून सांगितले जाते. ते खरे की खोटे हे कॅमेरा किती वेगाने माहिती पाठवतो यावर ठरते आणि हा वेग डीव्हीआरच्या सेटिंगमध्ये ‘Bitrate’ या नावाने दिसतो. हिशेबाचे सूत्र एकदा लक्षात ठेवले की कोणालाही विचारावे लागत नाही : १ एमबीपीएस वेगाने चोवीस तास रेकॉर्डिंग केले तर दिवसाला १०.८ जीबी जागा लागते.

२ मेगापिक्सेल कॅमेऱ्याला चित्रण दाबून साठवण्याच्या H.265 पद्धतीत २ एमबीपीएस धरला, तर एका कॅमेऱ्याला दिवसाला २१.६ जीबी आणि पाच कॅमेऱ्यांना १०८ जीबी लागतात. आता दिवस ठरवावेत. किराणा व्यवसायात मालाची तूट बहुधा महिन्याअखेर साठा मोजताना कळते, म्हणून आम्हाला किमान ३० दिवस मागे जाता येणे आवश्यक होते. १०८ ला ३० ने गुणले की ३,२४० जीबी होतात. २ टीबीची डिस्क घेतली असती तर साधारण १८ दिवसांनी जुने चित्रण पुसले जाऊन त्यावर नवे आले असते. ४ टीबीमध्ये सुमारे ३७ दिवस बसतात, म्हणून ४ टीबी ठरली. ज्याचा हिशेब रोजच्या रोज जुळतो आणि ज्याला केवळ रात्रीच्या चोरीची चिंता आहे, त्याला २ टीबी पुरेल आणि बऱ्यापैकी बचत होईल.

डीव्हीआरवर H.264 निवडलेले राहिले तर त्याच दर्जासाठी जास्त जागा लागते. बसवून झाल्यावर प्रत्येक चॅनेलवर H.265 आहे ना, हे पाहून घ्यावे. हालचाल झाली तरच रेकॉर्ड करण्याची सोय जागा वाचवते, पण वर्दळीच्या दुकानात दिवसभर हालचाल चालूच असते, त्यामुळे दिवसा बचत जवळपास होत नाही. गोदामात मात्र ती खूप होते. तरी मी अंदाजपत्रकात पूर्ण चोवीस तासच धरतो, म्हणजे डिस्क कमी पडत नाही.

डिस्क सर्व्हेलन्ससाठी बनवलेलीच घ्यावी. संगणकाची साधी डिस्क स्वस्त असते आणि सुरुवातीला व्यवस्थित चालते, पण तिची रचना दिवसरात्र अखंड लिहिण्यासाठी नसते. बिलावर डिस्कचा मॉडेल व अनुक्रमांक लिहून घ्यावा, कारण डिस्कची वॉरंटी डीव्हीआरपेक्षा वेगळी असते आणि दावा त्या अनुक्रमांकावरच करावा लागतो.

## ५. सर्व ओळी एका कागदावर मांडा

| बाब | नग / परिमाण | रक्कम (रुपये) |
|---|---|---|
| आतील डोम कॅमेरे | ४ × १,४०० | ५,६०० |
| बाहेरचा बुलेट कॅमेरा | १ | १,७०० |
| ८ चॅनेल डीव्हीआर | १ | ४,८०० |
| ४ टीबी सर्व्हेलन्स डिस्क | १ | ९,५०० |
| एसएमपीएस | १ | १,००० |
| तांब्याची थ्री प्लस वन केबल | ९० मीटर | २,३०० |
| कनेक्टर व जंक्शन डब्या | ५ जोडांसाठी | ७०० |
| पीव्हीसी पट्टी | ३५ मीटर × ४० | १,४०० |
| कुलपाची पेटी | १ | १,२०० |
| यूपीएस, ६०० व्हीए | १ | ३,२०० |
| बसवण्याची मजुरी व सेटिंग | ५ × ५०० + ५०० | ३,००० |
| बेरीज | | ३४,४०० |
| जीएसटी १८ टक्के | | ६,१९२ |
| एकूण | | ४०,५९२ |

मॉनिटर यात धरलेला नाही, कारण दुकानातील जुना टीव्ही आम्ही एचडीएमआय केबलने जोडला. इंटरनेट आधीपासून होते; नसेल तर त्याचे मासिक शुल्क वेगळे धरावे. इंटरनेट नसले तरी रेकॉर्डिंग चालू राहते, फक्त मोबाइलवर बाहेरून पाहता येत नाही.

किंमत भरण्याआधी हाच तक्ता रकमांची जागा रिकामी ठेवून तिन्ही बसवणाऱ्यांना द्यावा. प्रत्येकाने आपल्या पद्धतीने लिहिलेली कोटेशन एकमेकांशी ताडता येत नाहीत : एकात पट्टी धरलेली नसते, दुसऱ्यात डिस्क १ टीबीची असते, तिसऱ्यात ‘केबल प्रत्यक्ष वापराप्रमाणे’ एवढेच लिहिलेले असते. सर्वांनी एकाच तक्त्यात आकडे भरले की फरक कुठे आहे हे ओळीवर बोट ठेवून विचारता येते.

जीएसटीबाबत एवढे ध्यानात ठेवावे, की नियमित नोंदणी असलेल्या व्यापाऱ्याला व्यवसायासाठी घेतलेल्या या मालावरील कराचे क्रेडिट घेता येते, कंपोझिशन योजनेत असलेल्याला येत नाही. म्हणून ‘बिल नको, अठरा टक्के वाचतील’ हा प्रस्ताव नियमित करदात्याला मुळात फायद्याचाच नाही, शिवाय बिल नसेल तर वॉरंटीचाही आधार जातो.

## ६. वीज आणि देखभाल : पाच वर्षांचा हिशेब

कॅमेरे सरासरी ४ वॅट प्रत्येकी, म्हणजे २० वॅट. डीव्हीआर व डिस्क मिळून १५ वॅट. एसएमपीएस व यूपीएसमधील नुकसान ५ वॅट. एकूण ४० वॅट. ही व्यवस्था वर्षाचे ८,७६० तास चालते, म्हणून वर्षाला सुमारे ३५० युनिट होतात. आपला खरा दर काढण्यासाठी वीजबिलातील वीज आकार, वहन आकार, इंधन समायोजन व कर मिळून झालेल्या रकमेला युनिटने भागावे. उदाहरणापुरता १२ रुपये दर धरला तर वर्षाला ४,२०० रुपये होतात. ही ओळ कोणत्याही कोटेशनमध्ये नसते, पण पाच वर्षांत ती २१,००० रुपये होते.

यूपीएसची बॅटरी नवी असताना एवढ्या भाराला पाऊण ते एक तास साथ देते आणि दोन-अडीच वर्षांनी ती बदलावी लागते. महिन्यातून एकदा यूपीएसचा प्लग काढून दहा मिनिटे रेकॉर्डिंग टिकते का, हे पाहिले की बॅटरी कधी थकली ते कळते.

वार्षिक देखभाल करार दोन प्रकारचे असतात. एकात फक्त भेटी आणि मजुरी येते, सुट्या भागांचे पैसे वेगळे लागतात. दुसऱ्यात भागही समाविष्ट असतात, पण बहुतेक करारांत डिस्क, बॅटरी आणि विजेच्या दाबामुळे जळालेल्या वस्तू बारीक अक्षरांत वगळलेल्या असतात. नेमके बिघडतात तेच भाग वगळले जात असतील तर दुसऱ्या प्रकारासाठी दुप्पट पैसे देण्यात अर्थ नाही. पाच कॅमेऱ्यांच्या दुकानाला मी पहिला प्रकार सुचवीन आणि डिस्कसाठी स्वतःच पैसे बाजूला ठेवीन. करारात चार गोष्टी लिहून घ्याव्यात : वर्षातील नियमित भेटींची संख्या, तक्रारीनंतर किती तासांत माणूस येईल, बदललेल्या भागांचे दर, आणि डीव्हीआरचा ‘admin’ पासवर्ड मालकाकडेच राहील हे कलम. पासवर्ड बसवणाऱ्याकडे अडकला तर दुसऱ्याकडून दुरुस्ती करून घेणे अवघड होते आणि तुमचे चित्रण त्याच्या मोबाइलवर दिसत राहते.

नियमित भेटींपैकी एक भेट मे महिन्याच्या शेवटी, पावसाळ्याआधी ठरवून घ्यावी. तिच्यात बाहेरच्या जोडांची डबी उघडून गंज पाहणे, भिंगे पुसणे आणि कॅमेऱ्यांपुढील कोळ्याची जाळी काढणे ही कामे होतात. कोळ्याचे जाळे दिवसा दिसतही नाही, पण रात्री इन्फ्रारेड प्रकाश त्यावरून परावर्तित होऊन अर्धे चित्र पांढरे पडते.

आमच्या दुकानाचा पाच वर्षांचा अंदाज असा निघतो. पहिल्या वर्षी वॉरंटी असते, म्हणून करार चार वर्षांचा : दरवर्षी ३,००० व त्यावर जीएसटी मिळून ३,५४०, म्हणजे १४,१६०. वीज २१,०००. डिस्क एकदा बदलावी लागेल असे धरून करासह ११,२१०. यूपीएसची बॅटरी दोनदा, २,२००. एखादा कॅमेरा किंवा एसएमपीएस बदलण्यासाठी ३,०००. एकूण ५१,५७० रुपये, म्हणजे वर्षाला सरासरी दहा हजार तीनशेच्या आसपास. बसवण्याचे ४०,५९२ मिळवले की पाच वर्षांचा पूर्ण खर्च ९२,१६२ होतो. एखाद्या दुकानदाराला एवढा वार्षिक भार झेपणार नसेल तर त्याने आठ कॅमेऱ्यांऐवजी पाच किंवा पाचांऐवजी तीन लावावेत, पण केबल आणि डिस्कच्या प्रतीत काटकसर करू नये.

## ७. शेवटचा हप्ता देण्यापूर्वी

साधारण दहा टक्के रक्कम आठ दिवस रोखून ठेवण्याचे आधीच ठरवावे, कारण काही दोष रात्रीशिवाय आणि काही दोष डिस्कवर चित्रण साठल्याशिवाय दिसत नाहीत. या आठ दिवसांत पुढील तपासणी स्वतः करावी.

शटर बंद करून, दिवे घालवून पाचही चित्रे रात्री पाहावीत. दारातून एखाद्या माणसाला नेहमीच्या चालीने आत यायला सांगून चित्रण थांबवावे आणि चेहरा ओळखू येतो का ते पाहावे. डीव्हीआरवरील तारीख व वेळ मोबाइलशी ताडावी. मग वीज बंद करून पुन्हा चालू करावी आणि वेळ तीच राहते का हे पाहावे, कारण वेळ चुकलेले चित्रण पोलिसांपुढे ठेवताना खुलासे करावे लागतात. ‘Playback’ मधील कॅलेंडरवर रोजच्या तारखेवर रेकॉर्डिंगची खूण उमटते का, हे पाहावे. दहा मिनिटांचे चित्रण पेनड्राइव्हवर उतरवून ते दुसऱ्या संगणकावर उघडून बघावे. हे काम बसवणाऱ्याच्या मदतीशिवाय तुम्हाला किंवा दुकानातील एखाद्या विश्वासू माणसाला जमले पाहिजे.

आठव्या दिवशी डिस्कवर किती जागा भरली तेही मोजावे. रोज १०८ जीबीप्रमाणे ८६४ जीबीच्या आसपास भरली असेल तर हिशेब बरोबर आहे. आकडा दुप्पट दिसला तर बिटरेट किंवा H.265 चे सेटिंग चुकले आहे आणि तुमचे ३७ दिवस प्रत्यक्षात १८-१९ वर आले आहेत. ते बसवणाऱ्याकडून बदलून घ्यावे. हे झाल्यावर जीएसटी बिल, सर्व उपकरणांच्या अनुक्रमांकांची यादी, वॉरंटी कार्डे, केबलच्या मार्गाचा कागद आणि बदललेला पासवर्ड ताब्यात घेऊन उरलेली रक्कम द्यावी.